कॉल बॅकस्प्रेड: काही महिने वापरल्यानंतरचा अनुभव, आणि मधला डेड झोन

गेले काही महिने मी निफ्टीच्या मंथली ऑप्शनमध्ये कॉल बॅकस्प्रेड वापरतोय, म्हणजे खालच्या स्ट्राइकचा एक कॉल विकून वरच्या स्ट्राइकचे दोन घ्यायचे. येत्या आठवड्या-दीड आठवड्यात मोठी उसळी येईल असं वाटतंय, पण ती नाही आली तर नुकसान ठरलेलं असावं, अशा वेळी ही रचना मला मनापासून आवडते. मात्र "मार्केट वर गेलं की पैसे" एवढ्या समजुतीवर ती लावू नका.

समजा निफ्टी 24000 वर आहे आणि एक्स्पायरीला महिना आहे. 24000 चा एक कॉल 420 ला विकला आणि 24500 चे दोन कॉल 200 प्रमाणे घेतले. हातात 20 पॉइंट आले. मार्केट पडलं तर तिन्ही कॉल शून्य होतात आणि ते 20 पॉइंट आपलेच राहतात. वरच्या बाजूला एक्स्पायरीचा ब्रेकइव्हन 24980 आहे, त्यापुढे नफ्याला मर्यादा नाही. सगळा त्रास मधल्या पट्ट्यात, म्हणजे डेड झोनमध्ये आहे. एक्स्पायरीला निफ्टी नेमका 24500 वर बंद झाला तर विकलेल्या कॉलचे 500 द्यावे लागतात आणि घेतलेले दोन्ही कॉल शून्य होतात. म्हणजे 480 पॉइंटचं नुकसान, 65 चा लॉट धरला तर 31,200 रुपये. मर्यादित आहे, पण लहान नाही.

नाशिकला कॅनडा कॉर्नरजवळ आम्ही काही जण चहाला जमतो. तिथे ओझरच्या मित्राने विचारलं, "अरे, पाचशे पॉइंट वर गेलं, मग सगळ्यात जास्त तोटा तिथेच कसा?" त्याला मी वहीत हिशोब करून दाखवला. आयव्ही 13 टक्क्यांवर स्थिर धरली आणि निफ्टी पाच दिवसांतच 24500 ला पोहोचला, तर पोझिशन साधारण 75 पॉइंट नफ्यात असते. तीच पातळी 12 दिवस उरले असताना आली तर सुमारे 70 चा तोटा, पाच दिवस उरले असताना जवळपास 195 चा, आणि शेवटच्या दिवशी पूर्ण 480 चा. पातळी तीच, फक्त दिवस कमी झाले. म्हणून डेड झोन हा नुसता किमतीचा पट्टा नाही. सुरुवातीला तो जवळजवळ नसतोच आणि एक्स्पायरी जवळ येईल तसा खोल होत जातो.

याचं बोलकं उदाहरण मे 2025 चं. शुक्रवारी 9 तारखेला निफ्टी 24008 वर बंद झाला, शस्त्रसंधीनंतर सोमवारी 12 तारखेला एका दिवसात 916 पॉइंट वाढून 24924 वर. बॅकस्प्रेडसाठी याहून चांगला दिवस कोणता? पण 29 मेच्या एक्स्पायरीला बंद भाव 24833 च्या आसपास होता. आधीच्या उदाहरणातल्याच स्ट्राइक धरल्या तर विकलेल्या कॉलवर 833 गेले आणि दोन कॉलनी मिळून 666 दिले. एवढी तेजी पकडूनही शेवटपर्यंत थांबणारा तोट्यात. त्यातच त्या वेळी व्हिक्स 20 च्या वर होता. प्रीमियम महाग असले की ही रचना क्रेडिटऐवजी डेबिटमध्ये जाते आणि तेजीबरोबर व्हिक्स उतरला की घेतलेल्या दोन कॉलना फटका बसतो. म्हणून बजेट किंवा निकालाच्या आदल्या दिवशी, सगळं आधीच महाग झालेलं असताना, मी ती लावत नाही. आयव्ही खाली असताना लावतो.

आपण डेड झोनमध्ये शिरलोय हे ओळखायची माझी खूण म्हणजे नेट डेल्टा. सुरुवातीला तो किंचित पॉझिटिव्ह असतो. शेवटच्या आठवड्यात निफ्टी 24300 च्या आसपास रेंगाळला की विकलेल्या कॉलचा डेल्टा एककाकडे सरकतो, घेतलेले दोन मिळूनही त्याला पुरत नाहीत, आणि नेट डेल्टा निगेटिव्ह होतो. स्क्रीनवर निफ्टी हिरवा आणि आपला एमटीएम लाल दिसायला लागला की समजायचं, आता ही तेजीची पोझिशन राहिलेली नाही.

म्हणून माझा नियम असा: अर्धी मुदत संपेपर्यंत निफ्टी घेतलेल्या स्ट्राइकच्या वर गेलेला नसेल आणि मधल्या पट्ट्यात असेल, तर असेल त्या भावाला बाहेर. निफ्टी 24000 च्या बराच खाली असेल तर मात्र घाई करत नाही, तिथे गमावण्यासारखं फार नसतं. उसळी लवकर आली तर दोनपैकी एक कॉल विकायचा मोह होतो. तो विकला की उरतो साधा कॉल स्प्रेड, वरचा नफा तिथेच संपतो. त्यापेक्षा मी सगळी पोझिशन एकदम बंद करतो.

ऑर्डरचा क्रमही सांगतो. लावताना आधी दोन कॉल घ्यायचे, मग विकायचा, म्हणजे मार्जिन कमी लागतं. काढताना आधी विकलेला परत घ्यायचा. मोठ्या तेजीनंतर तो डीप आयटीएम झालेला असतो आणि त्याच्या बिड-आस्कमध्ये बरंच अंतर पडतं. मार्केट ऑर्डर टाकली तर तिथेच काही पॉइंट जातात. मी मधल्या भावाची लिमिट लावतो आणि थोडी थोडी वर सरकवतो.