मॅरेथॉनची वेळ: सरावाचा पेस की हाफची वेळ?

माझा 10 किमीच्या सरावाचा पेस, म्हणजे एका किलोमीटरला लागणारा वेळ, 5:40 मिनिटं. त्याला 42.195 ने गुणलं की 3 तास 59 मिनिटं येतात. आकडा मोहात पाडतो, पण त्यात शेवटपर्यंत दमच लागणार नाही असं धरलेलं असतं.

दुसरा मार्ग पीट रीगल यांच्या सूत्राचा:

`T2 = T1 × (D2/D1)^1.06`

T1 ही D1 अंतराला आधी लागलेली वेळ, T2 ही D2 अंतराची अंदाजे वेळ. माझी हाफ मॅरेथॉन 2 तास 5 मिनिटांची. अंतर दुप्पट, म्हणून 125 मिनिटं गुणिले 2^1.06, म्हणजे 2.085; उत्तर सुमारे 4:21. पेस 6:10. मला हेच जास्त पटतं, कारण थकवा त्यात मोजलेला आहे.

तरी मुंबई मॅरेथॉनमध्ये 4:32 लागले. तिसाव्या किलोमीटरपर्यंत 6:10 टिकला, मग 7:10 वर आला. स्नायूंतलं ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर, साधारण तिथेच संपत येतं. चरबीपासून ऊर्जा मिळते, पण हळू. त्यात दमट हवेत घाम जातो, त्याच पेसला नाडी वाढत जाते आणि नेमका तेव्हाच पेडर रोडचा चढ येतो. आठवड्याचं धावणं कमी असेल, तर रीगलचं उत्तरही आशावादीच निघतं. माझ्या लाँग रन 24 किमीच्या पुढे गेल्याच नव्हत्या.