एक वस्तू परत केली की रिफंड का आटतो: वाटणीवालं दुकान बरं की फेरहिशोबवालं?

ऑनलाइन कपडे घेणाऱ्यांचा नेहमीचा प्रश्न आहे हा, की तीन गोष्टी मागवल्या, एक परत केली, आणि जी किंमत दिसत होती त्यापेक्षा खात्यात कमी पैसे आले. बरेच जण म्हणतात लुबाडलं. तसं नेहमीच नसतं. दुकानं हा हिशोब मुख्यतः दोन पद्धतींनी करतात, आणि कुठून घ्यायचं हे ठरवताना मी हल्ली डिस्काउंट किती आहे त्याआधी ही पद्धत कुठली आहे ते बघतो.

पहिल्या पद्धतीला मी वाटणी म्हणतो. कूपनचे पैसे ऑर्डर करतानाच सगळ्या वस्तूंवर किमतीच्या प्रमाणात वाटून टाकतात, आणि वस्तू परत केली की तिच्या वाट्याचं कूपन वजा करून उरलेले पैसे देतात. दुसरी फेरहिशोब. यात वस्तू परत गेली की दुकान उरलेली ऑर्डर पुन्हा पहिल्यापासून मोजतं, जणू तुम्ही तेवढंच मागवलं होतं, आणि तुम्ही भरलेल्या पैशातून ती नवी रक्कम वजा करून जे उरेल ते परत.

आता आकडे घेऊ म्हणजे फरक कळेल. कुर्ता १२००, ओढणी ५००, लेगिंग्ज ३००, झाले २०००. कूपन असं की २००० किंवा जास्तच्या खरेदीवर ४०० सूट, आणि ९९९ च्या वर डिलिव्हरी फुकट, नाहीतर ७९ रुपये. म्हणजे तुम्ही भरले १६००.

कुर्ता बसला नाही, परत केला. वाटणीवाल्याकडे कुर्त्याच्या वाट्याला कूपनचे २४० आले होते, त्यामुळे रिफंड ९६०. विषय संपला. फेरहिशोबवाल्याकडे मात्र उरलं काय तर ८०० रुपयांचं सामान. ८०० ला कूपन लागत नाही, ते गेलं. ८०० हे ९९९ च्या पण खाली आहे, म्हणजे डिलिव्हरीचे ७९ लागले. त्या हिशोबाने तुम्ही ८७९ द्यायला हवे होते, दिलेत १६००, सबब रिफंड ७२१. बाराशेच्या कुर्त्याचे सातशे एकवीस! वाटणीपेक्षा २३९ कमी, त्यातले १६० म्हणजे तुम्ही *ठेवलेल्या* ओढणी-लेगिंग्जवरची सूट काढून घेतली ते, आणि ७९ डिलिव्हरीचे.

इथपर्यंत मला फेरहिशोबाचा खरं तर राग नाही. दुकानाच्या बाजूने बघितलं तर ४०० ची सूट ही मोठ्या बिलासाठी होती, आणि तसा नियम नसता तर लोकांनी हवी असलेली ओढणी-लेगिंग्ज घ्यायला मुद्दाम महागडा कुर्ता कार्टात घातला असता, सूट पदरात पाडून घेतली असती आणि कुर्ता परत धाडला असता. हे होतंच. आणि कुरिअरचा खर्च दुकानाला जाताना पण लागतो, येताना पण.

माझं डोकं फिरलं ते लहान वस्तूवर. नावं नको घ्यायला, पण एका दुकानातून साधारण असाच सेट घरी आला होता, कुर्ता-ओढणी मस्त, लेगिंग्जचा रंग मात्र फोटोत वेगळा आणि हातात वेगळा. म्हटलं एवढी एकच परत करू. रिटर्नच्या स्क्रीनवर साइज-कलरचं कारण टाकलं आणि खाली रिफंडची रक्कम शून्य. मला वाटलं अॅप अडकलंय, बंद करून परत उघडलं, तरी शून्यच. कस्टमर केअरच्या मुलीने शांतपणे सांगितलं, सर कूपन रिव्हर्स होतंय. वरच्या आकड्यांत घालून बघा म्हणजे कळेल: लेगिंग्ज गेली की उरतात १७००, कूपन बाद, डिलिव्हरी फुकटच राहते, म्हणजे तुम्ही द्यायला हवे १७०० आणि दिलेत १६००. हिशोब उलट तुमच्याकडूनच १०० मागतोय! दुकान सभ्यपणे शून्यावर थांबलं एवढंच. म्हणजे वस्तू त्यांना परत द्यायची, पॅक करून पिकअपवाल्याची वाट बघत घरात बसायचं, आणि हातात काही नाही. बरं गणित चुकलेलं नाही हे पण कळतंय, म्हणून भांडता पण येत नाही, ते जास्त खुपतं. तीच लेगिंग्ज वाटणीवाल्याकडे असती तर ६० वजा होऊन २४० आले असते.

इथे खरी गोम अशी आहे की फेरहिशोबात एखाद्या वस्तूचा रिफंड त्या वस्तूवर ठरतच नाही, सोबत काय उरलं त्यावर ठरतो. कूपनच्या किमान रकमेला तुम्ही अगदी टेकून असाल, जसे आपण २००० वर बरोब्बर होतो, तर सगळ्यात स्वस्त वस्तूसुद्धा सगळं कूपन घेऊन बुडते. आणि आपण टेकूनच असतो ना, कारण "आणखी ३०० ची खरेदी करा आणि ४०० वाचवा" असं वाचूनच ती लेगिंग्ज घेतलेली असते.

यावर लोक हमखास सल्ला देतात की दोन ऑर्डरी करा, शंका असलेली वस्तू वेगळी मागवा. फेरहिशोबवाल्याकडे मला तरी हा सल्ला पटत नाही. बघा ना, कुर्ता वेगळा मागवला तर १२००, ओढणी-लेगिंग्ज ७९ धरून ८७९, एकूण २०७९ कारण कूपन कुठेच लागलं नाही. कुर्ता परत केला तर तुमच्याकडे राहिलेल्या सामानाला पडले ८७९, म्हणजे एकत्र मागवून परत केल्यावर पडतात तेवढेच. आणि कुर्ता बसला तर तुम्ही उगाच ४७९ जास्त घालवलेत. मनाला बरं वाटतं, खिशाला नाही.

गंमत म्हणजे दोन ऑर्डरी करायचा फायदा वाटणीवाल्याकडे होतो, तिथे कुणी सांगत नाही. समजा नक्की ठेवायचं सामानच २००० चं आहे आणि वर १२०० चा कुर्ता ट्राय म्हणून घेताय. एकत्र घेतलं तर ४०० ची सूट ३२०० वर वाटली जाते, कुर्त्याच्या वाट्याला १५० येतात, आणि कुर्ता परत गेला की ते १५० पण त्याच्याबरोबर जातात, जरी उरलेलं सामान एकट्याने कूपनला पात्र असलं तरी. फेरहिशोबवाला इथे उलट पूर्ण १२०० देईल, कारण उरलेले २००० कूपनमध्ये बसतात. म्हणजे वाटणी प्रत्येक वेळी भारी असं नाही, हे मान्य करायलाच हवं. अशा वेळी वाटणीवाल्याकडे पक्क्या सामानाला कूपन लावून एक ऑर्डर आणि शंकेचा कुर्ता दुसऱ्या ऑर्डरमध्ये, एवढं केलं की झालं, डिलिव्हरीची रक्कम दोन्हीकडे ओलांडली जातेय ना तेवढं बघा.

तरी माझा कल वाटणीवाल्याकडेच आहे, आणि कारण पैशापेक्षा एवढंच की रिफंडचा आकडा बिल आल्या दिवशीच माहीत असतो. बिलात प्रत्येक वस्तूच्या ओळीत मूळ किंमत, तिच्यासमोर डिस्काउंट, आणि मग टॅक्सेबल किंमत असं वेगवेगळं दिसतं, जीएसटी त्या सूट वजा केलेल्या रकमेवरच लागलेला असतो, आणि वाटणीवाल्याकडे वस्तू परत गेली की साधारण त्याच ओळीचे पैसे येतात. फक्त एक सांगतो, ओळीत डिस्काउंट दिसला म्हणजे दुकान वाटणीवालंच असं धरून चालू नका, बिल असं छापून रिफंडला फेरहिशोब करणारे पण असू शकतात. खात्री दोनच ठिकाणी होते. एक म्हणजे कूपनच्या अटी, तिथे "परतीनंतर ऑर्डरची रक्कम किमान मर्यादेखाली गेल्यास सूट रद्द" अशा अर्थाचं वाक्य असलं की समजायचं. दुसरं म्हणजे रिटर्नची स्क्रीन, शेवटचं बटण दाबायच्या आधी रिफंडचा तपशील उघडून बघा. डिलिव्हरीचा आकडा तर बिलावरच असतो, तो ७९ खोडून फुकट लिहिलेला, तोच नंतर जिवंत होतो.

फेरहिशोबवाल्याकडूनच घ्यायचं असेल, कारण कधीकधी हवी ती वस्तू तिथेच असते, तर किमान रकमेच्या बरंच वर जा किंवा कूपन सोडूनच द्या. आणि साइजचा प्रश्न असेल तर रिटर्न न टाकता एक्सचेंज टाका, कारण त्यात ऑर्डरची रक्कम हलत नाही आणि सहसा कूपन जागेवर राहतं. फक्त दुसरा साइज स्टॉकमध्ये आहे ना ते आधी बघून घ्या, नाहीतर एक्सचेंजचं रिटर्न होऊन तुम्ही परत त्याच हिशोबात.

हे सगळं आपल्याला आवडलं नाही म्हणून परत करतो तेव्हाचं. वस्तू फाटकी आली, चुकीची आली, वर्णनाप्रमाणे नाही, तर गोष्ट वेगळी आहे. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे अशी वस्तू परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही, आणि चूक त्यांची असताना ठेवलेल्या वस्तूंवरची तुमची सूट काढायचं मला तरी काही कारण दिसत नाही. म्हणून तेव्हा घाईत "आवडलं नाही" वर टिक करू नका, खरं कारण निवडा, फोटो जोडा, आणि तरी कूपन कापलं तर लेखी विचारा की कुठल्या अटीखाली कापलं. उत्तर गोलमोल आलं तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, फोन करताना बिल आणि रिफंडच्या तपशिलाचा स्क्रीनशॉट हाताशी ठेवा.