मॅग्निफायर किती टक्क्यांवर ठेवावा? झूम, स्मूदिंग आणि फोकस ट्रॅकिंगची तुलना

अल्पदृष्टी असलेल्या माणसाला नवा कॉम्प्युटर मिळाला की घरातलं कुणीतरी मॅग्निफायर सुरू करून देतं, चारशे टक्क्यांवर नेतं आणि विचारतं, "आता दिसतंय ना?" अक्षर दिसतं, पण ओळ दिसत नाही. आठवडाभरात मान आणि डोळे दोन्ही दुखायला लागतात आणि मॅग्निफायर बंद पडतो. म्हणून कोणती निवड कुणासाठी बरी, ते इथे शेजारी शेजारी ठेवून पाहू. बोलणं विंडोज ११ मधल्या मॅग्निफायरबद्दल आहे, आणि तेही पूर्ण पडदा मोठा करणाऱ्या `Full screen` या प्रकाराबद्दल. विंडोजची कळ आणि + दाबलं की तो सुरू होतो, विंडोजची कळ आणि Esc दाबलं की बंद होतो. विंडोजची कळ, Ctrl आणि M एकत्र दाबलं की त्याच्या सेटिंग्जचं पान उघडतं.

जास्त झूम की कमी झूम

झूम दुप्पट केला की दिसणारा भाग निम्मा होत नाही, पाव होतो. १९२० × १०८० पिक्सेलच्या पडद्यावर २०० टक्क्यांना ९६० × ५४० एवढा तुकडा दिसतो, म्हणजे पडद्याचा पाव भाग. ३०० टक्क्यांना नववा भाग उरतो, ४०० टक्क्यांना सोळावा. प्रत्येक पायरीला अक्षर मिळतं, पण संदर्भ जातो: बटण कुठे आहे, ओळ कुठे सुरू झाली, चौकोनाचं नाव काय, हे सगळं पडद्याबाहेर राहतं.

तरीही झूम फार कमी ठेवणंही चुकीचं. अक्षर जेमतेम ओळखू येतं त्या आकाराला वाचन अडखळतच होतं. सलग वाचायला त्याच्या साधारण दुप्पट आकार लागतो. तेव्हा आधी कुठल्याही बातमीच्या पानावर सगळ्यात कमी किती टक्क्यांना अक्षर ओळखू येतं ते पाहा आणि तिथून दुप्पट करा. मग एक परिच्छेद मोठ्याने वाचा. अक्षर अक्षर जुळवत वाचावं लागलं तर झूम कमी आहे. शब्द झरझर येतात, पण पुढच्या ओळीची सुरुवात हरवते, असं झालं तर जास्त आहे.

याला एक महत्त्वाचा अपवाद आहे. मॅक्युलर डिजनरेशनमध्ये नजरेचा मधला भाग गेलेला असतो, कडेच्या नजरेने वाचावं लागतं, आणि तिथे मोठं अक्षर खरंच उपयोगी पडतं. रेटिनायटिस पिगमेंटोसामध्ये किंवा पुढच्या टप्प्यातल्या काचबिंदूत उलट होतं: मधली नजर ठीक असते, पण दिसण्याचा घेर अरुंद असतो. अशा माणसाला ४०० टक्के दिले तर त्याच्या घेरात दोन-तीनच अक्षरं मावतात आणि वाचन मंदावतं. त्याच्यासाठी कमी झूम, गडद पार्श्वभूमी आणि ठळक कर्सर हे जास्त कामाचं. रंग उलटे करायला Ctrl, Alt आणि I आहेच.

सगळा झूम मॅग्निफायरनेच की वाटून

माझ्या मते खरा निर्णय इथे आहे, आणि नेमका तोच बहुतेक जण घेत नाहीत. मॅग्निफायर पडद्यावर आधीच उमटलेलं चित्र ताणतो. विंडोजचं `Scale` आणि ब्राउझरचा झूम अक्षरं नव्याने, मोठ्या आकारात आखतात. अंतिम आकार तोच असला तरी दुसऱ्या रस्त्याने आलेलं अक्षर जास्त पिक्सेलांचं असतं, म्हणून रेखीव असतं.

एक उदाहरण घेऊ. निवृत्त शिक्षिका, मॅक्युलर डिजनरेशन, २४ इंची १९२० × १०८० चा मॉनिटर, बसण्याचं अंतर ६० सेंटिमीटर. साध्या मजकुराची अक्षरं त्यांना २०० टक्क्यांना जेमतेम ओळखू येतात, म्हणजे सलग वाचायला ४०० टक्के हवेत. सगळं मॅग्निफायरवर टाकलं तर पडद्याचा सोळावा भाग हाती राहतो.

आता मॉनिटर हाताच्या स्टँडवर लावून ४० सेंटिमीटरवर आणला. अंतर ६० वरून ४० झालं की डोळ्यातली प्रतिमा दीडपट होते, म्हणून आता ४०० ऐवजी सुमारे २६७ टक्के पुरतात. या अंतरासाठी चष्म्याचा नंबर वेगळा लागतो. त्यांना साधारण +२.५० ची भर लागेल, पण ते नेत्रतज्ज्ञाकडून तपासूनच. त्यानंतर `Settings › System › Display` मध्ये `Scale` १५० टक्के केलं. उरलेल्या कामाला मॅग्निफायरचे १७५ ते २०० टक्के पुरले. आता सोळाव्या भागाऐवजी पडद्याचा पाव भाग समोर आहे आणि अक्षरं आधीपेक्षा स्वच्छ आहेत. बातम्या वाचताना तर त्यांनी मॅग्निफायर बंद करून ब्राउझरमध्ये Ctrl आणि + ने २०० टक्के करावं. मजकूर पडद्याच्या रुंदीत पुन्हा मांडला जातो आणि ओळीमागे डावी-उजवीकडे फिरणं बहुतेक पानांवर संपतं.

`Scale` वाढवण्याची किंमत आहे. १५० टक्क्यांना पडद्यावर १२८० × ७२० एवढ्यापुरतीच जागा राहते. आणखी वाढवलं तर काही जुन्या प्रोग्रॅमच्या खिडक्यांची खालची OK बटणं पडद्याबाहेर जातात. शिवाय काही जुने प्रोग्रॅम `Scale` पाळत नाहीत, विंडोज त्यांचं चित्रच ताणतं. ओळखायची खूण सोपी आहे: मॅग्निफायर बंद असतानाही त्या एकाच प्रोग्रॅमची अक्षरं धूसर दिसतात.

नवा मॉनिटर घेणारच असाल तर त्याच आकारात ४के घ्या आणि `Scale` दुप्पट ठेवा. मांडणी तेवढीच राहते, पण मॅग्निफायरला ताणायला चौपट पिक्सेल मिळतात.

स्मूदिंग चालू की बंद

मॅग्निफायरच्या सेटिंग्जमध्ये `Smooth edges of images and text` असा पर्याय आहे. चालू असताना ताणलेल्या पिक्सेलांच्या कडा एकमेकांत मिसळतात आणि अक्षर गोलसर, जरा मऊ दिसतं. बंद असताना प्रत्येक पिक्सेल चौकोनी ठोकळा होतो, कडा करकरीत राहतात, पण वळणं पायऱ्यापायऱ्यांची होतात.

इंग्रजी मजकुराला बहुतेकांना चालू ठेवलेलंच आवडतं. देवनागरीत मात्र विचार करावा लागतो, कारण आपल्या लिपीत बारीक फरकावर अक्षर ठरतं. ध आणि घ, भ आणि म यांच्यातला मोठा फरक म्हणजे शिरोरेषेतली फट. लहान आकाराच्या मजकुरात ही फट एक-दोन पिक्सेलांचीच असते. स्मूदिंग त्या फटीत दोन्ही बाजूंचा काळा रंग ओढून ती करडी करतं, आणि कॉन्ट्रास्ट कमी ओळखणाऱ्या डोळ्याला 'धन' आणि 'घन' सारखेच वाटू लागतात. अनुस्वाराचा ठिपकाही असाच शिरोरेषेत विरतो. ठोकळे दिसायला ओबडधोबड, पण फट फट राहते.

मी असं सुचवेन: साधारण २०० टक्क्यांपर्यंत आणि `Scale` आधीच वाढवलेलं असेल तर स्मूदिंग चालू ठेवा. मॅग्निफायर ३०० च्या वर जात असेल आणि मराठी वाचन जास्त असेल तर बंद करून पाहा. एकाच पानावर 'भ' असलेली ओळ शोधा आणि दोन्ही प्रकारे वाचा, निकाल लगेच कळतो.

बंद ठेवणार असाल तर एक अट पाळा: झूम पूर्ण पटीत ठेवा, २००, ३०० किंवा ४००. २५० टक्क्यांना एक पिक्सेल दोनाचा होतो, शेजारचा तीनाचा, त्यामुळे एकाच अक्षरातले सारख्या जाडीचे दोन दांडे वेगळे दिसतात. म्हणजे दर वेळी झूम किती वाढावा हे ठरवणारं `Zoom increment` स्मूदिंग बंद असेल तर १०० टक्के, आणि चालू असेल तर २५ किंवा ५० टक्के हे सोयीचं. २०० वरून थेट ३०० ला उडी मारली की पडद्याचा पाव भाग दिसत होता तिथे नववाच उरतो, मधलं २२५ किंवा २५० कदाचित पुरलं असतं.

मोठं केल्यावर अक्षरांच्या कडेला लाल-निळी किनार दिसत असेल तर ती क्लिअरटाइपची, म्हणजे अक्षरं रेखीव दिसावीत म्हणून विंडोज वापरतं त्या तंत्राची असते. स्टार्टमध्ये हे टाइप करून क्लिअरटाइप बंद करता येतं:

```
cttune
```

काही प्रोग्रॅम अक्षरं स्वतःच आखतात, तिथे फरक पडेलच असं नाही.

पडद्याने कशामागे जायचं

मॅग्निफायर माऊसच्या बाणामागे, कीबोर्डच्या फोकसमागे आणि टायपिंगच्या कर्सरमागे जाऊ शकतो. तिन्ही चालू ठेवावेत, कारण टॅबने फॉर्म भरताना फोकस पाठोपाठ आला नाही तर आपण कुठल्या चौकोनात आहोत हेच कळत नाही. निवड करायची ती बाण पडद्याच्या मधोमध ठेवायचा की कडेला पोचल्यावरच पडदा सरकवायचा याची.

`Centered on the screen` मध्ये बाण कायम मधोमध असतो, त्यामुळे तो शोधावा लागत नाही. नजरेचा ठरावीक भागच वापरता येतो अशांना, वरच्या उदाहरणातल्या बाईंनाही, हे सोयीचं. पण हात जरा हलला तरी सगळा पडदा हलतो आणि काहींना गरगरतं. `Within the edges of the screen` मध्ये पडदा स्थिर राहतो. मात्र बाण कडेला पोचतो तेव्हा मागचं सगळं दिसत असतं आणि पुढचं काहीच दिसत नाही. चक्कर येत असेल किंवा डोळे आपोआप हलत असतील तर कडेचाच पर्याय बरा.

टायपिंगच्या कर्सरसाठी ही निवड वेगळी करता येते, आणि वेगळी करावीच. सलग लिहिताना कडेचा पर्याय छान: ओळ जागच्या जागी राहते, लिहिलेलं दिसतं. मधोमध ठेवलं तर प्रत्येक अक्षरागणिक ओळ डावीकडे सरकते. पण लिहिलेलं तपासताना, मधलाच शब्द दुरुस्त करताना, मागचं-पुढचं दोन्ही दिसायला हवं, तिथे मधोमध बरं. ज्यांचं काम मुख्यतः दुरुस्तीचं आहे त्यांनी ते निवडावं.

आता बिघाड ओळखण्याबद्दल. टाइप करताय, पण पडदा मागे येत नाही, तर आधी नोटपॅड उघडून तिथे टाइप करा. तिथे पडदा बरोबर येत असेल तर सेटिंग ठीक आहे, तो प्रोग्रॅम कर्सर कुठे आहे हे विंडोजला सांगत नाही. रिमोट डेस्कटॉपमध्ये आणि स्वतःच सगळं आखणाऱ्या जुन्या हिशेबाच्या प्रोग्रॅममध्ये हे हमखास होतं. गूगल डॉक्सला यावर उपाय आहे: `Tools › Accessibility` मध्ये `Turn on screen magnifier support` निवडायचं. इतर ठिकाणी Ctrl आणि Alt धरून बाणांच्या कळांनी पडदा स्वतः सरकवावा लागतो, आणि हरवल्यासारखं वाटलं तर Ctrl, Alt आणि स्पेसबार दाबून क्षणभर सगळा डेस्कटॉप पाहता येतो.