गडगडाटी वादळ की टोर्नेडो: प्रकल्पासाठी काय घ्यावं?

भाचीला विज्ञान प्रकल्पासाठी दोनपैकी एक विषय निवडायचाय. दोन्हींची सुरुवात एकच: खाली उबदार, दमट हवा आणि वर थंड. खालची हवा वर चढते, बाष्पाचे थेंब होताना उष्णता सुटते आणि ती आणखी जोरात चढते.

साध्या गडगडाटी वादळाला एवढं पुरतं. पण त्याचा पाऊसच त्याच्या मुळावर येतो. पावसासोबत खाली येणारी थंड हवा चढत्या प्रवाहाची वाट अडवते आणि तासाभरात खेळ संपतो.

टोर्नेडोला आणखी एक गोष्ट लागते: उंचीनुसार वाऱ्याचा वेग आणि दिशा बदलणं. त्यामुळे हवा आडव्या लाटण्यासारखी गरगरते. चढता प्रवाह ते लाटणं उभं करतो, पाऊस बाजूला पडतो आणि ढग कित्येक तास टिकतो. तरीही अशा फिरत्या ढगांपैकी थोड्यांतूनच टोर्नेडो जमिनीला टेकतो. नेमके कोणते, हे आधी सांगणं अजून अवघडच.

गडगडाट सर्वाधिक उष्ण कटिबंधात; व्हेनेझुएलातलं माराकायबो सरोवर विजांसाठी प्रसिद्ध. टोर्नेडो सर्वाधिक अमेरिकेत, वर्षाला सुमारे १२००, कारण मेक्सिकोच्या आखातातली दमट हवा तिथे पश्चिमेच्या कोरड्या वाऱ्याखाली सरकते. बांगलादेशही सुटत नाही: १९८९च्या टोर्नेडोत सुमारे १३०० माणसं गेली.

स्वतः निरीक्षणं नोंदवायची असतील तर गडगडाटी वादळ घ्यावं. नकाशे आणि वाऱ्याची आकडेवारी चाळायची आवड असेल तर टोर्नेडो.