सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर: व्होल्टेजवाला की करंटवाला?

विहिरीवरची साडेसात एचपीची मोटर दुसऱ्यांदा जळाल्यावर मेहुण्यानं विचारलं, "दाजी, एक फेज गेल्यावर मोटर वाचवणारा कोणता रिले बसवू?"

व्होल्टेजवाला स्वस्त. तीन फेज जोडायचे आणि त्याचा कॉन्टॅक्ट स्टार्टरच्या कॉइलच्या सिरीजमध्ये घालायचा, की झालं. फेज नसेल तर मोटर सुरूच होऊ देत नाही. पण चालू मोटरीचा एक फेज गेला, तर मोटर स्वतःच त्या वायरवर बरंच व्होल्टेज तयार करते. रिलेला तिन्ही फेज दिसतात आणि तो गप्प बसतो. शिवाय तो स्टार्टरच्या आधी जोडलेला असतो. कॉन्टॅक्टरचा एक पॉइंट जळला किंवा पुढे केबल तुटली, तर त्याला पत्ताच नाही.

मेहुण्याचं तेच झालं होतं. स्टार्टर उघडला तर मधला पॉइंट काळा पडलेला. उरलेल्या दोन फेजवर अकरा अँपिअरचे एकोणीस झाले असणार.

करंटवाल्यात मोटरीच्या वायरी करंट मोजणाऱ्या सीटीच्या कड्यांतून ओवाव्या लागतात, खर्चही जास्त. पण बिघाड कुठेही असो, करंटचा तोल गेला की काही सेकंदांत तो मोटर बंद पाडतो. मात्र मोटर सुरू झाल्याशिवाय त्याला काही कळत नाही.

ऑटो स्टार्टर असेल, लाइन सारखी ये-जा करत असेल, तर व्होल्टेजवाला हवाच. जुना स्टार्टर आणि लांब केबल असेल तर करंटवाला. मेहुण्याला पॉइंट बदलून करंटवाला बसवायला सांगितला.