कर्ज देणाऱ्या ॲपने कॉन्टॅक्ट मागितले, तर तिथंच थांबा

माझा मामेभाऊ कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर काम करतो. पगाराला आठवडा असताना मुलीच्या शाळेची फी भरायची होती. व्हॉट्सॲपवर एक लिंक आली होती, 'पाच मिनिटांत कर्ज, कागदपत्रं नकोत'. लिंकवरून ॲप उतरवलं, सेल्फी आणि आधारचा फोटो दिला. मग फोनवर एकामागोमाग चौकटी आल्या: लोकेशन, कॅमेरा, मेसेज आणि कॉन्टॅक्ट. एक जरी नाकारली तरी ॲप पुढं सरकत नव्हतं. घाईत त्यानं सगळ्यांना परवानगी दिली.

मंजूर झाले ६,००० रुपये, खात्यावर आले ३,९००. उरलेले 'प्रोसेसिंग फी' म्हणून आधीच कापले होते आणि सात दिवसांनी परत करायचे पूर्ण ६,०००. सहाव्या दिवशीच फोन सुरू झाले. त्याला आले तसे मामीला आले, कारखान्याच्या मालकांना आले, गल्लीतल्या किराणा दुकानदाराला आले. 'तुमचं नाव जामीनदार म्हणून दिलंय' असं प्रत्येकाला सांगितलं. मलाही आला. मी त्या ॲपचं नावही ऐकलं नव्हतं, पण माझं नाव त्यांना पाठ होतं, आणि तेही त्याच्या फोनमध्ये सेव्ह होतं तसंच, 'दादा राजारामपुरी'. त्यानं ६,००० भरले. दुसऱ्या दिवशी दंडाचे म्हणून आणखी ४,००० मागितले, सोबत त्याच्या सेल्फीवरून बनवलेला घाणेरडा फोटो. तो चार जणांना आधीच पाठवून झाला होता.

"दादा, मी ॲप काढून टाकलंय की, मग नंबर अजून कसे त्यांच्याकडं?" हा त्याचा प्रश्न होता, आणि खरी गोम तिथंच आहे.

लोकेशन आणि माइकची परवानगी नळासारखी असते. सुरू असेल तोवर माहिती वाहते, बंद केली की पुढचं वाहणं थांबतं. कॉन्टॅक्टचं तसं नाही. परवानगी मिळताच ॲप अख्खी यादी वाचू शकतं: नावं, नंबर, ई-मेल, जे काही सेव्ह असेल ते. ती त्यांच्या सर्व्हरवर पोचली की परवानगी काढा, ॲप काढा, फोन फॉरमॅट करा, तिकडची प्रत पुसली जात नाही. मेसेज आणि फोटोंचंही तेच. आणि ही यादी आपल्या एकट्याची नसते. मामीनं कुठल्याही चौकटीवर बोट ठेवलं नव्हतं.

मग कर्जाच्या ॲपनं काहीच मागू नये का? तसंही नाही. रिझर्व्ह बँकेनं २ सप्टेंबर २०२२ च्या नियमांत हा फरक स्पष्ट केला आणि २०२५ च्या नियमांतही तो कायम ठेवला. ओळख पटवण्यासाठी कॅमेरा, माइक, लोकेशन एकदाच आणि ग्राहकाच्या संमतीनं घेता येतं. कॉन्टॅक्ट, फोनमधल्या फाइल आणि कॉलची नोंद यांना मात्र हात लावायचा नाही. गूगलनंही ३१ मे २०२३ पासून प्ले स्टोअरवरच्या वैयक्तिक कर्जाच्या ॲपना कॉन्टॅक्ट आणि फोटो वाचायला मनाई केली. पण लिंकवरून थेट उतरवलेल्या ॲपला प्ले स्टोअरचे नियम लागत नाहीत. म्हणूनच लिंक पाठवतात. व्हिडिओवर ओळख पटवताना लोकेशन मागितलं तर मी घाबरणार नाही. कॉन्टॅक्ट मागितले, की ते कॉन्टॅक्ट कर्जासाठी नाहीत, बदनामीच्या धमकीसाठी आहेत असं समजेन.

रोजच्या ॲपनाही मी आता एवढंच विचारतो: याचं कुठलं काम या परवानगीशिवाय अडतं? जेवण मागवायच्या ॲपला लोकेशन लागतं, पण ते वापरात असतानाच, म्हणून While using the app. पत्ता टाइप केला तर तेही लागत नाही. माइक व्हॉइस मेसेज किंवा कॉलपुरता, Only this time. पैसे पाठवायच्या ॲपमध्ये नंबर टाकून किंवा क्यूआर स्कॅन करून काम भागतं. कॉन्टॅक्ट फक्त सोयीसाठी. सिमची पडताळणी करायला ते मेसेजची परवानगी मागतं, ती मात्र कामाची असते. टॉर्च, कॅलेंडर, फोटो सजवायचं ॲप यांना कॉन्टॅक्टचं काय काम? अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये वरच्या शोधात Permission manager लिहा, त्यात Contacts उघडा. यादी कुणाकुणाकडं आहे ते एकाच ठिकाणी दिसतं. फोनप्रमाणं मांडणी थोडी बदलते.

मामेभावानं ४,००० भरले नाहीत. ॲप काढून टाकलं असलं तरी मेसेज, फोन आलेले नंबर, पैसे गेलेला यूपीआय आयडी आणि बँकेचं स्टेटमेंट हाताशी होतं. आम्ही १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन केला, त्यांचे स्क्रीनशॉट जोडून cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवली. मग यादीतल्या लोकांना त्यानं स्वतःच मेसेज केला: माझा फोटो बनावट आहे, कुणी पैसे मागितले तर देऊ नका, नंबर ब्लॉक करा. मालकांचा उलट फोन आला, "भावा, कामावर ये, बघू." धमकीचे फोन त्यानंतरही काही दिवस येत राहिले. त्यानं एकही उचलला नाही.