वेळापत्रकातून गायब झालेले बारा दिवस

पुण्यातल्या आमच्या फ्लॅटच्या बाथरूमचे काम ज्या ठेकेदाराने केले, त्याने मला कागदावरच फसवले. ती फसवणूक प्रत्येक काम आडव्या पट्टीने दाखवणाऱ्या वेळापत्रकात दिसत नव्हती, म्हणून नेमकी कशी झाली ते सविस्तर लिहीत आहे.

करारासोबत जोडलेले मूळ वेळापत्रक व्यवस्थित होते. वॉटरप्रूफिंगचा दुसरा हात ८ मार्चला संपणार होता. तो पाच दिवस हवेवर सुकू द्यायचा, मग १३ तारखेला पाणी भरून तीन दिवस साठवून ठेवायचे आणि कुठे पाझरते का ते पाहायचे, १७ ला त्यावर सिमेंट-वाळूचा कोबा घालायचा, सात दिवस तो ओला ठेवायचा, चौदा दिवस सुकू द्यायचा आणि ७ एप्रिलला टाइल लावायला सुरुवात करायची, असा क्रम होता. एक काम संपल्यावर दुसरे सुरू होण्याआधी जी सक्तीची वाट पाहावी लागते, तिला नियोजनात लॅग म्हणतात. या लॅगच्या काळात कोणीही मजूर काम करत नसतो, आणि म्हणूनच तो सर्वांना फुकट गेलेला वेळ वाटतो.

प्लंबरमुळे काम बारा दिवस रखडले आणि दुसरा हात २० मार्चला संपला. त्याच संध्याकाळी ठेकेदाराने सुधारित वेळापत्रक पाठवले. त्यात टाइल लावण्याची तारीख ७ एप्रिलच होती. मी विचारले तेव्हा तो म्हणाला, "साहेब, मी लीड घेतला आहे, उशीर भरून निघेल." मला समाधान वाटले, हीच माझी चूक झाली. लीड म्हणजे आधीचे काम पूर्ण होण्यापूर्वीच पुढचे सुरू करणे. हॉलच्या भिंतींचे रंगकाम संपत आले असताना दुसऱ्या खोलीत पुट्टी सुरू करता येते, तिथे लीड योग्य आहे. सुकणाऱ्या सिमेंटच्या बाबतीत मात्र लीड घेण्याजोगे काही नसतेच.

त्या दिवसांत मी नागपूरला होतो. पाण्याने भरलेल्या बाथरूमचा फोटो आला, "चाचणी समाधानकारक" असा निरोप आला आणि मी वॉटरप्रूफिंगचा साठ हजारांचा हप्ता दिला. ७ एप्रिलला टाइलचे काम सुरू होताच पुढचे पंचेचाळीस हजारही दिले.

जूनमध्ये खालच्या फ्लॅटच्या छताला ओल आली. टाइलवर नाण्याने ठोकले तर निम्म्याहून अधिक ठिकाणी पोकळ आवाज येत होता. टाइल व कोबा उखडल्यावर खालचा वॉटरप्रूफिंगचा थर नखाने खरवडला जात होता.

माझे मेहुणे बांधकामाच्या साइटवर नियोजनाचे काम पाहतात. ठेकेदाराने दोन्ही वेळा वेळापत्रकाची नियोजनाच्या सॉफ्टवेअरमधली फाइलही पाठवली होती. ती त्यांनी उघडली आणि Predecessors हा स्तंभ दाखवला. कोणते काम संपल्यावर किती दिवसांनी पुढचे सुरू करायचे ते त्यात लिहिलेले असते; `6FS+5ed` म्हणजे सहाव्या ओळीतले काम संपल्यावर पाच दिवसांनी. छापलेल्या प्रतीत तो स्तंभच नव्हता.

```
               मूळ         सुधारित
पाणी भरणे      6FS+5ed     6FS
टाइल लावणे     8FS+21ed    8FS+14ed
```

पाच आणि सात, बरोबर बारा दिवस. चाचणीचे तीन दिवस कागदावर तसेच होते, परंतु पाणी भरले गेले ते थर सुकण्याआधी. पॉलिमरमिश्रित थर पक्का होण्यापूर्वीच पाण्याखाली गेला की मऊ पडतो, म्हणजे ज्या चाचणीने दोष शोधायचा, तिनेच तो निर्माण केला. कोब्याचे सुकण्याचे दिवसही निम्मे झाले. सुकताना कोबा आकसतो, आणि हे आकसणे टाइलखाली चालू राहिल्यास चिकटवलेल्या टाइल सुटतात. यात `ed` म्हणजे रविवार धरून मोजलेले दिवस, कारण सिमेंटला सुट्टी नसते. नुसते `d` लिहिले तर कामाचेच दिवस मोजले जातात.

हे अनवधानाने झाले असे मी मानत नाही. दोन ठिकाणचे आकडे बदलून बेरीज नेमकी बारा येणे, आणि त्याला लीड असे नाव देणे, हे जाणूनबुजून केलेले आहे.

दुसऱ्या ठेकेदाराकडून काम नव्याने करून घेताना १ लाख १० हजार रुपये गेले. या वेळी थर सुकणे, कोबा ओला ठेवणे आणि कोबा सुकणे अशा प्रत्येक वाट पाहण्याला मी वेळापत्रकात स्वतंत्र ओळ मागितली. जोडणीत लपलेला लॅग पट्ट्यांच्या चित्रात केवळ मोकळ्या जागेसारखा दिसतो, तर स्वतंत्र ओळ कमी केली की पट्टी आखूड झालेली लगेच डोळ्यांत भरते. हप्तेही काम संपण्याला न जोडता त्यानंतरची वाट पाहणे संपण्याला जोडले. टाइल लावण्याच्या आदल्या संध्याकाळी कोब्यावर प्लास्टिकचा कागद पसरून त्याच्या कडा चिकटपट्टीने बंद केल्या. सकाळी त्याखाली पाण्याचे थेंब आणि काळसर डाग दिसले. ठेकेदाराने स्वतःहून काम चार दिवस पुढे ढकलले, आणि पाचव्या दिवशी तो कागद कोरडा निघाला.